अँड्रॉइड सहापासून पुढे

बेळगावात आमचं ऑफिस म्हणजे मी, माझा भागीदार आणि एक खोली. संकेश्वरजवळच्या बायकांच्या एका दूध संस्थेनं आमच्याकडे ॲप मागितलं होतं. जनावर आजारी पडलं की बाईनं गोठ्यातूनच लक्षणांच्या चित्रावर बोट ठेवायचं, आणि निरोप थेट संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जायचा. मराठीत आणि कन्नडमध्येही.

भागीदार त्याच भागातला, पण त्याचं मत पक्कं होतं: अँड्रॉइड आठच्या खाली उतरायचं नाही. "प्रत्येक जुनी आवृत्ती म्हणजे घरात एक म्हातारा पाहुणा गं. त्याचं पथ्यपाणी वेगळं, तपासणी वेगळी." मीही मान डोलावली. माझ्या हातातला फोन नवा होता, तेव्हा मला काय त्रास होता!

ॲप दाखवायला आम्ही संस्थेत गेलो. सतरंजीवर बायका बसलेल्या, दारात कॅन रचलेले. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली आणि 'इन्स्टॉल'वर बोट ठेवा म्हटलं. काहींच्या फोनवर ॲप झक्क उघडलं. बाकीच्यांकडे एकच संदेश: पॅकेज वाचताना अडचण आली. फाइल आठच्या खालच्या फोनांसाठी नव्हतीच, त्यामुळे फोन ती आत घ्यायलाच तयार नव्हते.

"फोन बिघडला काय माझा?" मागून एक आवाज आला. भागीदाराची आईच ती. संस्थेची सभासद, दोन म्हशींची मालकीण.

"न्हाय आई, फोन जुना हाय."

"जुना असंल न्हायतर काय. तूच दिलतास की, कॉलेज सुटल्यावर!"

सतरंजीवर जो हशा पिकला, तो काही केल्या थांबेना. भागीदाराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. फोन अँड्रॉइड सहाचा निघाला. मग आम्ही एकेकीजवळ बसून सेटिंगमधली आवृत्ती पाहत गेलो. मुलानं नवा घेतला की जुना आईकडे येतो, हा इथला रिवाजच. सहा आणि सात भरपूर होते. पाच एखाद-दुसरा.

परतताना भागीदारानं तपासणीसाठी आईचा फोन घेतला आणि आपला नवा तिला दिला. "लई निसरडा हाय रं ह्यो," असं ती रोज फोनवरून सांगायची.

ऑफिसात किमान आवृत्ती सहावर आणणं म्हणजे एक आकडा बदलणं. ॲप बसलंही, पण सर्व्हरशी बोलेना. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र इंटरनेटवरच्या ज्या यंत्रणेनं दिलं होतं, तिचं मूळ प्रमाणपत्र त्या जुन्या फोनला ठाऊकच नव्हतं. शेवटी ते आम्ही ॲपमध्येच बसवलं.

मग पडद्याची पाळी. आम्ही सगळं दाट ठिपक्यांच्या, रुंद पडद्यांवर आखलेलं. आईच्या फोनच्या पडद्यावर आडवे चारशेऐंशी ठिपके. अँड्रॉइडच्या मापात ती रुंदी तीनशेवीसच भरते. त्यात तिनं अक्षरं सगळ्यांत मोठी करून ठेवलेली. "निरोप पाठवा" हे बटण पडद्याच्या खाली गडप झालं होतं, आणि पान वर सरकत नव्हतं. कन्नडमधले लांब शब्द तर शेजारच्या बटणावर चढले होते.

"आईला हे बटण कधीच दिसलं नसतं," भागीदार म्हणाला. त्याचा आठचा हट्ट तिथंच संपला.

बटणं एकाखाली एक आली, पान सरकू लागलं. लक्षणांची चित्रं रेषांमध्ये काढली, म्हणजे कुठल्याही दाटीच्या पडद्यावर ती स्वच्छ दिसतात. जनावरांचे फोटो मात्र मध्यम आणि दाट अशा वेगवेगळ्या मापांत ठेवले. ॲप आता व्हॉट्सॲपऐवजी प्ले स्टोअरवरून जाणार होतं, आणि ते ज्या फोनला जे माप लागेल तेवढंच पाठवतं. साध्या फोनवरचं ओझं चांगलंच उतरलं.

उरला पाचचा प्रश्न. आम्ही वापरलेले नवे घटक सहाच्या खाली चालत नव्हते. त्या एखाद-दुसरीसाठी जुने घटक सांभाळत बसलो असतो, तर बाकीच्यांचं काम रेंगाळलं असतं. इथं थांबायचं ठरवलं, आणि ते तोंडावर सांगायचंही. नेमकी संस्थेची अध्यक्षीणच त्यातली. सगळ्या तिला आक्का म्हणतात.

"आक्का, तुमच्या फोनवर न्हाय चालायचं," मी चाचरत म्हटलं.

"व्हय काय? मग मी डॉक्टरला फोनच लावते की. आजवर काय करत आलोय?" आणि ती चहा सांगायला उठली. त्याच दिवशी डॉक्टरांचा नंबर आम्ही संस्थेच्या भिंतीवर ठळक लावला.

ॲप सुरू झाल्यावर एका सकाळी डॉक्टरांना निरोप गेला: म्हैस, पोट फुगलंय. चिकोडी रस्त्यालगतच्या वस्तीवरच्या एका सूनबाईनं पाठवलेला, अँड्रॉइड सातवरून. डॉक्टर जवळच होते, वेळेत पोचले. दुपारी तिचाच भागीदाराला फोन आला, म्हैस वैरण खायला लागली म्हणून. भागीदारानं मला ते दोनदा सांगितलं आणि लगेच आईला फोन लावला.