टेलरकाकूंचा पासपोर्ट हातात येईपर्यंत

आमच्या गल्लीत टेलरकाकूंना नावाने कोणी हाक मारत नाही. त्यांचं शिवणाचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यात एकच भिंत, त्यामुळे त्यांचं मशीन थांबलं की सगळ्यात आधी मला कळतं. त्या दिवशी ते सकाळपासून बंद होतं. डोकावले, तर बाई कापडाच्या ढिगाशेजारी बसलेल्या आणि मांडीवर पासपोर्ट.

"लेकीला आठवा महिना लागला," त्या म्हणाल्या. "परदेशात तिचं माणूस असं कोणी नाही. जावई दिवसभर कामावर. बाळंतपणाला जायचंय गं मला, आणि व्हिसा सेंटरची तारीखच मिळत नाही. एक जण म्हणतोय, परवापर्यंत काढून देतो. फक्त लॉगिन, पासवर्ड आणि वरचे पैसे द्यायचे."

"फक्त?" मी ओरडलेच. माझं तोंड तिखट आहे, गल्लीला ठाऊक आहे. "अहो, त्या खात्यात तुमचा पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, सगळी कुंडली आहे! उद्या पासवर्ड बदलून बसला तर कुणाच्या पाया पडणार? हे लोक तारखा अडवून ठेवतात आणि आपल्यालाच विकतात. काही द्यायचं नाही त्याला!"

काकू खाली बघत हळूच म्हणाल्या, "पण ती एकटी आहे."

माझा सगळा आवाज तिथेच बसला. म्हटलं, चला, आपणच शोधू.

पहिल्याच दिवशी मी अति शहाणपणा केला. मिनिटामिनिटाला पान उघडत राहिले, आणि साइटने खातंच दुसऱ्या दिवसापर्यंत बंद केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काकू उलट माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. मग आम्ही वेळा ठरवल्या: दुकान उघडताना, जेवणाआधी, दुकान बंद करताना. कोणीतरी आपली तारीख रद्द करतं आणि ती पुन्हा साइटवर दिसते, एवढ्याच आशेवर. तेवढ्या दिवसांपुरता काकूंनी आपला जुना नियमही मोडला. कात्री हातात घेतली की त्या फोन बंद करून दोऱ्यांच्या डब्यात टाकतात. चुकीचं कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आता मात्र फोन सतत टेबलावर.

नवव्या दिवशी जेवणाआधी एक तारीख दिसली, चार दिवसांनंतरची. "काकूऽऽ, ओटीपी!" मी भिंतीवर थाप मारली. त्या गळ्यात टेप तशीच अडकवून धावत आल्या. आकडे इतक्या घाईत सांगितले की मला दोनदा विचारावं लागलं. तारीख पक्की झाली तेव्हा आम्ही दोघी दुकानात उभ्या राहून रडलो, गिऱ्हाईक झेरॉक्स मागत राहिलं.

ठरल्या दिवशी काकू फाइल घेऊन गेल्या, बोटांचे ठसे देऊन आल्या. सेंटर लांब, म्हणून पासपोर्ट कुरियरने घरी मागवला. अडीच आठवड्यांनी मेसेज आला, पासपोर्ट कुरियरकडे दिला. काकू निर्धास्त झाल्या आणि नेहमीच्या कामाला लागल्या.

तीन दिवस काही हालचाल नाही. चौथ्या दिवशी मी ट्रॅकिंग नंबर टाकला आणि माझं धाबं दणाणलं. 'घर बंद, संपर्क झाला नाही', तेही दोनदा. आणखी एकदा असं झालं की पाकीट परत सेंटरला.

"काकू, फोन कुठाय?"

त्यांनी दोऱ्यांच्या डब्याकडे पाहिलं. कुरियरवाला घरी जायचा तेव्हा त्या दुकानात कापड बेतत असायच्या. जुना नियम कधी परत सुरू झाला, त्यांनाही कळलं नव्हतं.

डब्यातून फोन काढून चालू केला, रिक्षा केली आणि कुरियरचं ऑफिस गाठलं. सेंटरची पावती आणि मूळ ओळखपत्र बरोबर होतं म्हणून बरं. "परत जायच्या पिशवीत असेल," म्हणत कारकून आत गेला. काकू काउंटरला धरून उभ्या. पाकीट मिळालं, त्यांनी सही केली, आणि तेवढ्यात फोन वाजला. जावई. तीन आठवडे आधीच, पहाटे मुलगी झाली होती. दोघी सुखरूप.

काकू हसल्या, आणि बाकावर मटकन बसल्या. "ज्या वेळेला मी हवी होते, ती गेली," फोनवरच म्हणाल्या. "आता येऊन काय करू? माझ्याच कात्रीपायी दिवस वाया गेले."

पलीकडे फोन लेकीने घेतला. आवाज अगदी थकलेला, पण मलाही ऐकू आला.

"आई, इथे जो तो बाळाला बघायला येतो. मला बघायला तू ये ना."

काकूंनी ते पाकीट दातांनी फाडलं. व्हिसाचं पान काढलं आणि लेकीला दिसणार नाही हे विसरून फोनसमोर धरलं.

"हे बघ, मिळालाय. आलेच गं, बाळा."