बेंच वाढला, स्क्वॉट अडला

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे असेल, पण कोणी काही सांगितलं की आधी तपासून बघायची सवय मला लागली आहे. ही गोष्ट घडली तेव्हा मी सगळं तपासलं होतं, स्वतःला सोडून.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पनवेलमधल्या एका छोट्या जिममध्ये वजनं उचलायला लागले. तिथले प्रशिक्षक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, जवळच्याच गावातले. ते मला मॅडम म्हणायचे, मी त्यांना सर. त्यांनी मला जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेसाठी तयार करायचं ठरवलं आणि पहिल्याच आठवड्यात बजावलं की स्पर्धा होईपर्यंत लांब पळायचं नाही. मी मान डोलावली.

खरं तर त्याआधी दोन महिने मी एका पळणाऱ्यांच्या गटात जात होते. गट चालवायचे ते चाचा आखातातली नोकरी संपवून परतलेले, साठी ओलांडलेले. त्यांचं मत उलटं होतं. वजनं उचलून पाय जड होतात, असं ते म्हणायचे. त्यांच्यापुढेही मी मान डोलावली. मला दोन्ही हवं होतं: स्पर्धा आणि हिवाळ्यातली हाफ मॅरेथॉन. आणि कोणाला नाराज करायचं नव्हतं.

सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसायचं आणि उठायचं, आणि बेंच, म्हणजे बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा. मंगळवारी पहाटे वेगाचं पळणं, गुरुवारी दहा किलोमीटर, रविवारी नेऱ्याच्या रस्त्याने अठरा-वीस. पहिले तीन महिने दोन्हीकडे प्रगती झाली, त्यामुळे लपवाछपवीचं काही वाटेनासं झालं. मग पंचाहत्तर किलोवर माझा स्क्वॉट अडकला. पाच वेळा उठायचं, तिथे तिसऱ्यालाच गुडघे थरथरायला लागले. पुढच्या महिन्यात सत्तरही जड झालं. पळण्यातही तेच. मंगळवारी चाचांच्या गटात मी मागे पडायला लागले, पाय लाकडाचे झाल्यासारखे.

पहिला संशय मला प्रोटीन पावडरीचा आला. ती सरांनी सांगितलेल्या दुकानातून आणली होती. एका दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ती पाण्यात ढवळली, कॉस्टिक सोडा घातला, वर मोरचुदाच्या द्रावणाचे थेंब टाकले. द्रावण छान जांभळं झालं. म्हणजे प्रथिनं होती. दुसऱ्या नळीत आयोडीन टाकलं. निळंकाळं झालं नाही, म्हणजे पिठाची भेसळ नव्हती. किती प्रथिनं आहेत हे त्यातून कळत नव्हतं, तेवढ्या फटीत माझा संशय अजून आठवडाभर टिकला.

मग वजनांवर संशय. जिम दुपारी रिकामी असते. मी घरचा वजनकाटा पिशवीत घालून नेला आणि वीसची प्लेट छातीशी धरून त्यावर उभी राहिले. मग प्लेटशिवाय. फरक वीस किलो आणि वर थोडंसं. दुसरी प्लेटही तशीच. मी काटा पिशवीत घातला तेव्हा सर दारात उभे होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्यानंतर ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. जेवता काय, उपास चालू आहेत का, झोप होते का, असं रोज काहीतरी विचारायचे. मी दुसऱ्या जिममध्ये जाते का, हेही आडून विचारून झालं. मला वाटलं, ते स्वतःचं काहीतरी झाकत आहेत. माझ्याच वजनगटात एक कॉलेजची मुलगी होती. तिचा स्क्वॉट वाढत होता. तिला पुढे काढायला मला मुद्दाम चुकीचा सराव देतात की काय, असा विचार मी अनेकदा केला. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तो मला अगदी तर्कशुद्ध वाटत होता.

एका सोमवारी मात्र पंचाहत्तरचे पाच सहज झाले. सरांनी अडीच किलो वाढवले, तेही झाले. मी खूश व्हायच्या ऐवजी प्लेटा मोजल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तिसऱ्यालाच अडले, आणि आदल्या खेपेला काहीतरी हातचलाखी झाली होती, अशी माझी खात्री पटली.

त्या दिवशी सर माझ्या सरावाची वही घेऊन बाकावर बसले. मलाही बसायला सांगितलं.

"मॅडम, तुमचा बेंच पस्तीसवरून चाळीसवर गेलाय," ते म्हणाले. "जेवण कमी असतं, पावडर खोटी असती, तर हातबी अडले असते. अडलेत ते फक्त पाय. पायांना तुमी आणखी कुठं वापरताय?"

त्यांना पावडरीचं कसं कळलं, हा माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न. नंतर समजलं की दुकानदाराला मी इतकं खोदून विचारलं होतं की त्यानेच त्यांना फोन केला होता.

"मला पळू नका सांगितलं होतं ना तुम्ही," मी म्हणाले. पुढचं बोलावं लागलं नाही.

ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा फोन मागितला आणि पळण्याची नोंद वहीतल्या तारखांशेजारी पेन्सिलने लिहून काढली. प्रत्येक अडलेल्या सोमवारच्या आधी रविवारचे अठरा किंवा वीस किलोमीटर होते. प्रत्येक संथ मंगळवारच्या आधी सोमवारचा स्क्वॉट, मध्ये जेमतेम बारा तास. आणि तो एकच चांगला सोमवार? आदल्या दिवशी शिरढोणला भाचीचं लग्न होतं. मी पळले नव्हते आणि दोन वेळा पोटभर जेवले होते.

त्यांनी समजावलं ते असं. जड वजन पायाला सांगतं, ताकद वाढव, बांधणी कर. लांब पळणं सांगतं, कमी इंधनात जास्त वेळ टिक. बांधणीला विश्रांती आणि अन्न लागतं, आणि पळून आलेल्या पायात दोन्ही कमी. नवख्या माणसाला दोन्हीचा फायदा होतो, म्हणून पहिले महिने बरे गेले. दोन्हीकडचं काम वाढल्यावर दोन्ही एकमेकांच्या आड आले. नंतर मी स्वतः वाचलं. इंधन कमी पडलं की पेशीतला एक एन्झाइम प्रथिनं बांधण्याचा संदेश मंदावतो, असं मानतात. पण माणसात यातलं किती त्यामुळे आणि किती निव्वळ थकव्यामुळे, यावर जाणकारांचं एकमत नाही. पळणं वाईट, असं कोणीच म्हणत नव्हतं. सरांचा पहिल्या दिवशीचा सरसकट नकारही जरा जास्तच होता, हे त्यांनी कबूल केलं.

"आधी एक काय ते ठरवा," ते म्हणाले. "दुसरं जिवंत ठेवायला थोडकं पुरतं."

मी स्पर्धा निवडली. रविवारचं लांब पळणं बंद झालं. बुधवारी आणि शनिवारी चाळीस मिनिटं सावकाश, स्क्वॉट सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. एकाच दिवशी दोन्ही करायची वेळ आलीच तर आधी वजनं, मग निदान सहा तासांनी पळणं. पळण्याच्या दिवशी भात आणि भाकरी जास्त.

चाचांना सांगणं अवघड गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मला वाटलं होतं तू दुसऱ्या ग्रुपमध्ये जातेस, बेटी," ते म्हणाले. "मंगळवारी थकून यायचीस. दिल को लगा था."

म्हणजे तेही महिनोन्‌महिने माझ्यावर संशय घेत होते.

सहा आठवड्यांत स्क्वॉट ऐंशीवर गेला. स्पर्धेत मी पंच्याऐंशी उचलले आणि चौथी आले. ती कॉलेजची मुलगी दुसरी आली. तिचं अभिनंदन करताना माझा हात थोडा उशिरा पुढे झाला. पुढच्या हिवाळ्यात आम्ही उलटं केलं: आठवड्यात एकदाच स्क्वॉट, बाकी पळणं. स्क्वॉटचं वजन फारसं घसरलं नाही आणि हाफ मॅरेथॉन मी न थांबता पूर्ण केली.

त्या सुमारास चाचांच्या बोलण्यातून निसटलं की माझं पळणं उघड झाल्यापासून सर त्यांना अधूनमधून फोन करून मी किती पळले ते विचारतात. मला राग आला. दोन दिवस मी दोघांशीही तुटक वागले. मग चाचांना सांगितलं, विचारतील तेव्हा खरं तेच सांगत जा.

चाचा आधीपासून खरं तेच सांगत होते.