बिजागरीवरची शिवण

वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत ती हेडफोन आणि ब्लूटूथ स्पीकरचे फोटो तपासायची. माल अस्सल की नक्कल, एवढंच सांगायचं. बरोबरचे तिला भिंग म्हणत.

एकदा एका बाईंनी गेलेल्या नवऱ्याचा हेडफोन विकायला काढला. फोटो मोठा करताच भिंगचा चेहरा उतरला. धातूच्या बिजागरीच्या जागी रंग दिलेलं प्लास्टिक होतं, त्यावर साच्याची शिवण दिसत होती. छापलेल्या नावाची अक्षरं कडांना पसरली होती, चार्जिंगचं तोंड वाकडं बसलं होतं. कानावरची गादी काढून घेतलेल्या फोटोत आतली जाळी डिंकाने माखलेली होती.

तिने फोन करून जपून सांगितलं.

"नक्कल कशी असेल?" बाई म्हणाल्या. "लेकाने पहिल्या पगारातून आणला होता. आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे. आणला त्याच दिवशी खोलून बसले होते."

भिंगने आतल्या जाळीचा फोटो पुन्हा उघडला.

"म्हणजे त्यांना कळलं असणार," बाईच म्हणाल्या.

"कळलं असेल, काकू."

"तरी लेकाला सांगायचे, आवाज काय गोड आहे." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मला तरी सांगायचं होतं त्यांनी."

फोन ठेवून भिंगने 'नक्कल' असा शेरा मारला.

संध्याकाळी घरी तिच्या नवऱ्याने हौसेने आणलेला स्पीकर पुढे केला. हातात न घेताच ती म्हणाली, "छान आहे."