गुरुवारचा घास

माझा हात पुढे होता. बोटांत रोटीचा तुकडा, त्यात पनीर. गौरवच्या तोंडापासून वीतभर लांब. गौरवने मान फिरवली.

"भाई, आज गुरुवार है मेरा."

त्याच्या ताटात दुसरी रोटी अर्धी संपलेली होती. पनीरही त्याने दोनदा घेतलं होतं. हा उपवास नेमका माझ्याच हाताशी येऊन कसा सुरू झाला?

गोंदियातल्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत आम्ही सहा जण जेवत होतो. बी.फार्मचा निकाल लागला होता. आमच्या वर्गातला योनास दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी धरणार होता, तिथून विमानाने इथिओपियाला, आपल्या घरी. निरोपाचं जेवण त्यानेच ठेवलं होतं. निमंत्रणही घरी येऊन दिलं, कारण फोनवर बोलावणं त्याला बरं वाटेना.

जेवण निम्म्यावर आल्यावर तो उभा राहिला. खिशातून कागद काढला. कोणी सुटू नये म्हणून नावं लिहून आणली होती. सुरुवात इंग्रजीत, मग हिंदीत. प्रत्येकाचा एक किस्सा, प्रत्येकाचे आभार. गौरवचं नाव आलं तेव्हा म्हणाला, परदेशी विद्यार्थी म्हणून पोलीस अधीक्षक कार्यालयात नोंदणी करायची होती, गौरवने बाइकवर बसवून तीन खेपा मारल्या. खरंच मारल्या होत्या. राइस मिलवाल्याचा पोरगा, पण मदतीला कधीही तयार. मीही टाळ्या वाजवल्या.

माझ्या नावापाशी आला आणि आमच्या बोलीत शिरला. ती बोली तो माझ्या आईकडून शिकला होता, आई विड्या वळत असताना शेजारी बसून.

"याच्या आईनं मले पहिल्या दिवशी विचारलं, काऊन रे बाबू, जेवला का? मले समजलंच नाही. तिनं वाढून देल्लं. चार वर्षं वाढून राहिली."

सगळे हसले. 

मग तिघांची नावं बाकी असतानाच त्याने कागद खाली ठेवला. म्हणाला, आमच्याकडे माणूस आपला आहे हे हातानं सांगतात. स्वतःच्या हाताने घास भरवायचा. त्याला गुर्शा म्हणतात. नाही म्हणायचं नसतं. आज मी एकाला भरवतो, त्याने शेजारच्याला भरवायचं, असं टेबलभर जाऊ द्या. फिरून माझ्याकडे आला की उरलेली नावं वाचतो, आणि माझं भाषण संपलं.

त्याने पहिला घास मला भरवला. माझ्या शेजारी गौरव होता, आणि त्याने गुरुवार काढला.

"गुरुवारी काय असते?" योनासने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. बाकीच्यांना माहीत होतं. ते ताटात बघत होते.

गौरव हसला. "कुछ नहीं यार. तू खिला ना. तेरे हाथ से खाऊंगा." आणि त्याने तोंड उघडलं. योनाससाठी.

कानशिलात बसावी तसं झालं. सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसाच्या हाताला गुरुवार नव्हता. मग मला एकेक आठवू लागलं. चार वर्षं गौरव माझ्या दारात आला, नोट्स घेऊन गेला, पण आईने पाणी पुढे केलं की त्याला घाई असायची. ताट वाढलं की पोट भरलेलं असायचं. मी त्याला लाजाळू समजत होतो. मूर्ख मी. माझी जात आडवी येते हे कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. एवढा मोठा दोस्त सोडायची छाती नव्हती.

योनास जागचा हलला नाही. "माझा घास याच्या हातात आहे," एवढंच म्हणाला.

 गौरव चिडला. "अरे ला यार, खा लेता हूं. ड्रामा मत कर."

त्याने तोंड पुढे केलं. उपकार करावा तसं.

मी हात मागे घेतला. "नाही. आता तुले भेटत नाही."

आणि तो घास मीच खाल्ला. नीट चावून, त्याच्याकडे बघत.

योनासने कागदाची घडी घातली आणि खाली बसला. भाषण तिथेच राहिलं. टेबलाच्या पलीकडच्या तिघांची नावं वाचायची राहिली होती. ती चूक माझी नव्हती.

जिन्यात गौरवने मला गाठलं. "इतनी सी बात पे? और अपना मेडिकल?"

त्याच्या बापाच्या पैशातून औषधाचं दुकान निघणार होतं. फार्मासिस्टचं नाव लागल्याशिवाय परवाना मिळत नाही. गौरव दोन विषयांत नापास होता. नाव माझं लागणार होतं. सर्टिफिकेट माझं, भिंत त्याची.

हात चालत नव्हता. सही चालत होती.

घरी दुसरी कमाई नव्हती. आईच्या बोटांना आता विडी वळवत नव्हती. सगळं माहीत असून मी म्हणालो, "माझ्या नावाचा कागद तुझ्या भिंतीवर लागणार नाही. आज नाही, उद्याही नाही."

"पछताएगा."

"उपाशी राहीन," मी म्हणालो. "पण ज्याला माझा हात चालत नाही, त्याला माझ्यातलं काहीच मिळणार नाही."