साठ अंशांवरचं मटण

आमच्या घरात मटण शिजलं की नाही हे आई बोटांनी ठरवते. तुकडा दाबायचा, हाडापासून सुटला की झालं. हाडाजवळ गुलाबी दिसलं तर पुन्हा चुलीवर. म्हणून जालन्याच्या हॉटेलात ट्रेनिंगला लागल्यावर मी तिला फोनवर सांगितलं की इथे मटण पिशवीत बंद करून साठ अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि ते आतून गुलाबीच राहतं, तेव्हा तिला ते पटेना. मग म्हणाली, "पाणी उकळत न्हाई, मंग ते शिजतं कसं?"

मला नीट सांगता आलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सगळ्याचं उत्तर माझ्याकडे असावं असं तिला वाटतं. शेवटी म्हटलं, दुपारच्या उन्हात माणूस जल्दी थकतो, सकाळच्या उन्हात उशिरा थकतो, पण थकतोच. जंतूंचं तसंच आहे. उकळीत ते लगेच मरतात. साठ अंशांवर वेळ लागतो, आणि तो वेळ मांसाचा मधला भाग तापल्यापासून मोजायचा. पण पाणी पन्नासच्याही खाली कोमट राहिलं तर ते मरत नाहीत, उलट वाढतात.

हे मला आमच्या शेफ सरांनी शिकवलं होतं. ते पुण्याहून आलेले. पाणी तापवून फिरवत ठेवणारं ते यंत्र त्यांच्याच हट्टामुळे हॉटेलच्या मालकांनी, शेठनी, घेतलं. ट्रेनिंग संपल्यावर मला कायम ठेवून घेऊ, असं सर म्हणाले होते. आईनं ते आमच्या गावात, आष्टीत, सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे पाहुणे रविवारी दुपारी जेवायला येणार होते. शनिवारी रात्री निघताना आम्ही मटणाच्या पिशव्या पाण्यात सोडल्या. कडक मटण मऊ व्हायला रात्रभर लागतं. सकाळी मी आलो तर यंत्राचा पडदा काळा होता. पाण्यात हात घातला. बाळाला अंघोळ घालावी तसं कोमट. वॉचमन काका म्हणाले, तुम्ही गेल्यावर थोड्याच वेळात लाइट गेल्ती, पहाटे आली. जनरेटरवर फक्त हॉल आणि फ्रीजर चालतात. लाइट आली तरी हे यंत्र आपोआप सुरू होत नाही.

म्हणजे मटण आतपर्यंत तापलंच नव्हतं, आणि रात्रभर कोमट पाण्यात पडून होतं. सर आले, त्यांनीही पाण्यात हात घातला आणि म्हणाले, फेकून दे. मी पिशव्या टबात काढत होतो तेवढ्यात शेठ आले. त्यांनी सरांना बाहेर नेलं. काचेतून मला फक्त शेठचे हात हलताना दिसत होते.

परत आल्यावर सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशव्या काप. रश्श्यात टाकू, चांगली उकळी देऊ."

"सर, जंतू मरतील. पण त्यांनी आत सोडलेलं विष उकळूनही जात नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"तुला राहायचंय ना इथं?"

मी कात्री ओट्यावर ठेवली.  सरांनीच पिशव्या कापल्या. वास येत नव्हता. मला वाटत होतं, यावा.

पाहुणे पोटभर जेवले. जाताना त्यांनी शेठचा हात हातात घेऊन मटणाची तारीफ केली. मी दोन दिवस कुणी आजारी पडल्याच्या फोनची वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी शेठनी स्वतःच कारखान्यात फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. सगळे ठणठणीत होते. किचनमध्ये सगळे हसले. तेव्हापासून माझं नाव डॉक्टर पडलं. "डॉक्टर, चहा उकळला का बराबर, बघ बरं."

कुणाला काही झालं नाही याचा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या दिवसापासून सरांनी वेळ पाळणं सोडलं. त्याच यंत्रात अंडी तासभर ठेवायची, ती आता घाईच्या वेळी अर्ध्या तासात बाहेर यायची. मी घड्याळाकडे पाहिलं की कुणीतरी म्हणायचं, तेव्हा काय झालं का?  लाइट जायची तेव्हा यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि पुढे चालू. मधे किती वेळ गेला ते कुणी विचारत नसे.

महिनाअखेर मला सर्टिफिकेट मिळालं, जागा नाही. सरांनी खांद्यावर हात ठेवला. बाहेर पडताना एक बाई लहान मुलीला ते अर्धवट शिजलेलं अंडं चमच्यानं भरवत होती. मी टेबलाजवळ थांबलो. काय सांगणार होतो? बाईनं वर पाहिलं, आणि मी दाराकडे निघालो.

घरी आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "पण कुणाला काही झालं तर न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग उगंच बोललास, बाळा." तिनं पातेल्यातला तुकडा बोटांनी दाबून पाहिला आणि माझ्या ताटात वाढला.