मुका मार

बाबांच्या टकलावर, कपाळ संपतं तिथे, जांभळा डाग दिसला तेव्हा आमच्या घरात एकच प्रश्न होता: आपटलात कुठे? बाबा म्हणायचे, "कुठेही नाही." यावर आईचा काडीचा विश्वास बसला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, मुलुंडचं दोन खोल्यांचं घर, त्यात हे रोज माळ्यावरून काहीतरी काढायला स्टुलावर चढणार. आपटल्याशिवाय डाग येईलच कसा?

"मुका मार आहे," आईने निकाल दिला.

"मुका म्हणतेस आणि मारही म्हणतेस. एक काय ते ठरव," बाबा म्हणाले. पन्नाशीच्या पोरीसमोर असले विनोद करायची त्यांना भारी हौस. मी नेहमीप्रमाणे चिडले.

बाबा खाली फिरायला गेले की शेजारचे काका विचारत, "काय हो, लाटणं की पोळपाट?" बाबा एकाला लाटणं सांगत, दुसऱ्याला पोळपाट. सोसायटीत आईची भलतीच जरब बसली. पार्किंगवरून भांडणारे लोकही तिला वाट देऊ लागले.

आई रोज आंबेहळद उगाळून डागावर लेप द्यायची. बाबांचं डोकं केशर लावलेल्या मोदकासारखं दिसायचं. थोड्या दिवसांनी तिने मला उजेडात बोलावून दाखवलं, "बघ, पिवळा पडलाय. मार उतरताना असाच पिवळा पडतो." मीही मान डोलावली. पदवीधर आहे मी. आमचे नेहमीचे डॉक्टरही म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, जरा धक्का लागला तरी डाग येतो. त्यांनी "आपटलात का?" विचारलं तेव्हा बाबांनी कंटाळून सांगून टाकलं, "असेन आपटलो."

मग एकदा अंघोळीनंतर नुसतं टिपताना टॉवेलला रक्त लागलं. बाबांनी टॉवेल धुवायला टाकला, एकही विनोद न करता. ते विनोद करेनासे झाले की मला भीती वाटते, म्हणून मी त्यांना रिक्षात कोंबून स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई आंबेहळदीची डबी पर्समध्ये घेऊन आली, पुरावा म्हणून.

"आता पिवळा पडलाय," आई डबी टेबलावर ठेवत म्हणाली.

बाईंनी कापूस ओला केला आणि पुसायला सुरुवात केली. एक बोळा पिवळा, दुसरा पिवळा. बाबा म्हणाले, "रंगकाम काढताय, प्लास्टर सांभाळा." खाली निघालं ते जांभळं. भुवईपर्यंत उतरलेलं, वर टाळूकडे गेलेलं, मध्ये थोडं फुगलेलं.

बाई आईला म्हणाल्या, "काकू, मार लागल्याचा डाग आतून पिवळा पडतो आणि विरून जातो. हा वरून पिवळा केलाय, आणि आत पसरतोय. काका, खरं सांगा, लागलं होतं?"

"नाही हो. पहिल्यापासून सांगतोय."

आईने डबी पर्समध्ये सरकवली. त्या दिवशी मला तिचा राग आला नाही, स्वतःचाही नाही.

बाईंनी तुकडा तपासायला घेतला. एक नाही, चार-पाच, डागातून आणि कडेच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीतूनही, कारण हा दिसतो त्याहून लांब गेलेला असतो म्हणे. रिपोर्ट आला: अँजिओसार्कोमा, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उठणारा कॅन्सर. दुर्मीळ, आणि घाईचा. फुप्फुसात गेलाय का हे बघायला स्कॅन झाला. गेला नव्हता. पण डाग एवढा पसरलेला की आधी कापणं शक्य नव्हतं. दर आठवड्याला सलाईनमधून केमो, पुढे रेडिएशनचा शेक.

"केस जातील," कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं.

"कुठले?" बाबा खो खो हसले. त्यांना वाटलं, या एका बाबतीत आपण जिंकलो.

काही आठवड्यांनी डाग फिका पडू लागला. डॉक्टर खूश होते, पण हा परत येऊ शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि एका सकाळी चहा पिता पिता बाबांची मिशी कपात उतरली. उरलेली त्यांनी स्वतःच भादरली आणि ओठावर हात धरून बाहेर आले. लग्नाच्या आधीपासूनची मिशी. आईने त्यांना कधी बिनमिशीचं पाहिलंच नव्हतं.

त्यांनी हात काढला. आई आधी हसली. इतकी हसली की खुर्चीत बसली, आणि मग रडायलाच लागली.

"अगं, ओळखलंस ना?" बाबा घाबरून म्हणाले.

तिने डोळे पुसले, त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं.

"ओळखलं," ती म्हणाली. "आता एवढ्यात कुठे जायचं नाही. मला हा माणूस नवीन आहे."