बाटली बी

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला माझ्यावर कॉपीचा आळ आला होता. आज मी नर्स आहे, दिवसातून दहा वेळा कुणाच्या तरी हाताला सलाईन लावते, आणि तरीही ती सकाळ आठवली की कान तापतात. मी कॉपी केली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच शंका धरून बसायला नको.

आम्ही गोव्यातल्या केरीचे. शाळा पेडण्याच्या बाजूला, दोन बस बदलून जावं लागे. प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक यायच्या, त्या वर्षी डिचोलीकडच्या एका शाळेतल्या मॅडम आल्या होत्या. इस्त्रीची कॉटनची साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि एकदा ठरवलं की ठरवलं असा चेहरा. आमचे सर त्यांच्या मागे चहाचा कप घेऊन उभे. सर माणूस भला, पण बाहेरचं कुणी आलं की त्यांचा आवाजच बसायचा.

मला आलेला प्रश्न सोपा होता. टेबलावर तीन बाटल्या, ए, बी आणि सी. एकात हायपोटॉनिक म्हणजे पातळ द्रावण, एकात आयसोटॉनिक म्हणजे सारखं, एकात हायपरटॉनिक म्हणजे जास्त खारट. रिओच्या पानाची साल काढायची, प्रत्येक बाटलीतल्या थेंबात ठेवायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठली बाटली कुठली ते ओळखायचं. रिओ म्हणजे आमच्या लॅबच्या नळाखाली कुंडीत वाढलेलं झाड. पान वरून हिरवं, खालून जांभळं. ती जांभळी साल घेतली की पेशीतला रस रंगीत असल्यामुळे आत काय चाललंय ते स्वच्छ दिसतं. नळ सारखा गळायचा, त्यामुळे ते झाड बारा महिने पाण्यात लोळत असे.

एच्या थेंबात पेशी जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या. पाणी आत शिरतं, आतला रस भिंतीवर दाब देतो, भिंत त्याला अडवून धरते, म्हणून पेशी ताठ होते पण फुटत नाही. तेच टर्गर. सीच्या थेंबात रस आकसून प्रत्येक पेशीच्या मधोमध गोळा झालेला, भिंत मात्र जागच्या जागी. पाणी बाहेर गेलं, आतलं जीवद्रव्य भिंतीपासून सुटलं. ते प्लाझमोलिसिस. इथवर पुस्तकात होतं तसंच.

बीच्या थेंबात काहीच व्हायला नको होतं. पण झालं होतं. सीइतकं नाही, पण बहुतेक पेशींचे कोपरे पांढरे पडलेले, जांभळा रस भिंतीपासून थोडा थोडा सुटलेला. मी दुसरी साल लावली, पुन्हा तेच. शेजारच्या मुलीने न बघताच बीला तीन गच्च भरलेल्या पेशी काढल्या होत्या. मी जे दिसलं ते काढलं, आणि खाली लिहिलं: ए हायपोटॉनिक, सी हायपरटॉनिक, बीसुद्धा हायपरटॉनिक, पण सौम्य.

मॅडमनी माझा पेपर हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"तिन्हींतली एक आयसोटॉनिक आहे असं प्रश्नातच आहे ना?"

"आहे. पण ह्या पानाला नाही वाटत, मॅडम."

"वाटत? परीक्षेत वाटायचं नसतं. तू बीमध्ये सीचा थेंब घातलास, नाहीतर तुझ्या शेजारणीच्या सीची स्लाइड बघून चित्र काढलंस."

मी नाही म्हटलं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. माफीचं लिहून दे, दुसऱ्याची स्लाइड पाहिली म्हणून, मग विचार करू, म्हणाल्या. नाही दिलंस तर मी वर कळवणार, प्रॅक्टिकल रद्द होईल. प्रॅक्टिकल गेलं की विषय गेला, विषय गेला की नर्सिंग गेलं. घरात बाबांनी माझ्या प्रवेशासाठी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. कागदावर एक ओळ लिहिली असती तर संपलं असतं. माझ्या हातात पेनही होतं.

मी पेनाला टोपण लावलं.

खरं सांगायचं तर मला त्या वेळी नेमकं कारण ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की मी पाहिलं होतं. आणि का कोण जाणे, मला घरची चेपणीची तोरां आठवली. तोर म्हणजे कोवळी कच्ची कैरी. आई ती मिठाच्या थरात भरून वर दगड ठेवते. पाणी एक थेंब घालत नाही, कैरीचंच पाणी सुटतं आणि ती त्यातच बुडून सुरकुतते. कुणी आईला विचारलं, किती मीठ घालू, तर ती आधी विचारते, "खंयच्या झाडाचीं तोरां?" झऱ्याकाठच्या झाडाची असली तर एक हिशोब, कातळावरच्या झाडाची असली तर दुसरा. तेवढ्याच मिठात एक कैरी मऊ पडते, दुसरी पडत नाही. माझी आई आठवी पास. तिला जे कळतं ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला कळू नये, ह्याचा मला भयंकर राग आला.

"मी लिहून देणार नाही," मी म्हटलं. "तुमच्यासमोर परत करते. तुम्हीच थेंब घाला."

सर मागून पुटपुटले, "गे, राव गे." थांब, गप्प बस ह्याचा तो पेडण्यातला मऊ प्रकार. मी थांबले नाही.

मॅडमनाही आता इरेला पडल्यासारखं झालं. त्यांनी स्वतः स्लाइड पुसली, स्वतः साल काढली, स्वतः बीचा थेंब घातला. दहा मिनिटं आम्ही दोघी घड्याळाकडे बघत उभ्या. मग त्या वाकल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"साल मेलेली असेल," त्या म्हणाल्या.

मी वरच्या पातळ काचेच्या एका कडेला एचा थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, म्हणजे आतलं पाणी बदलतं. थोड्या वेळाने जांभळा रस पसरत पसरत परत भिंतीला टेकला. मेलेली पेशी असं करत नाही. हे मला पाठ होतं, आणि मी ते जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

"मग बाटलीत घोळ आहे. मीठ जास्त पडलंय."

आता सरांवर आलं. सर घाईने म्हणाले, "मॅडम, ती केमिस्टाकडची सलाईन. पॉइंट नाइन टक्के. सकाळी माझ्यासमोर सील फोडलं." आणि मग, स्वतःच्याच बोलण्यावर अडखळल्यासारखे, "सलाईन आयसोटॉनिकच, नाही का?"

त्यांनी ते शेवटचं वाक्य म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयसोटॉनिक म्हणजे सारखं. पण सारखं कोणाशी? नुसतं सारखं म्हणजे काहीच नाही. सलाईन रक्तासाठी बनवतात. ती रक्तपेशीशी सारखी. नळाखाली वाढलेल्या पानाच्या रसाशी ती सारखी असावी असा कुणी करार केला होता?

"रक्त बघूया," मी म्हटलं. रक्तगटाच्या प्रॅक्टिकलसाठी आणलेल्या सीलबंद सुया कपाटात होत्या, मी एक काढून फोडली. मॅडम म्हणाल्या, "मुलींचं रक्त काढायचं नाही हं, परीक्षेत!" त्यावर एक गोष्ट झाली जी मी अपेक्षिली नव्हती. सरांनी चहाचा कप खाली ठेवला, बाही वर केली आणि बोट पुढे केलं. "माझां घे."

तीन स्लाइडी केल्या. बीच्या थेंबात सरांच्या रक्तपेशी गोल, अखंड, जशा असायला हव्या तशा. बाटली खरी होती. सीच्या थेंबात त्या आकसून काटेरी झालेल्या. एमध्ये मात्र बघता बघता काहीच उरलं नाही, नुसता फिकट लाल रंग. पाणी आत शिरलं, फुगल्या, फुटल्या. रक्तपेशीला पानासारखी भिंत नसते, तिला अडवणारं कुणी नसतं. एकाच बाटलीतला थेंब रक्ताला मानवला होता आणि पानाला नव्हता, आणि दोन्ही स्लाइडी शेजारी शेजारी मॅडमसमोर होत्या.

मॅडमनी आधी रक्त पाहिलं, मग पान, मग परत रक्त. माफीचा कागद अजून टेबलावर होता. त्यांनी तो उचलून घडी केली आणि पर्समध्ये टाकला. क्षमा वगैरे काही मागितली नाही. फक्त म्हणाल्या, "उत्तरसूचीत बी आयसोटॉनिक आहे. तसं लिही, पूर्ण मार्क देते."

खरं तर इथे थांबता आलं असतं. आळ गेला होता. पण माझं डोकं तापलेलं होतं आणि ते अजून निवलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. मी माझ्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली फक्त जोडलं: बी रक्तपेशीला आयसोटॉनिक, ह्या पानाला हायपरटॉनिक. "मार्क कापा, मॅडम. चित्र बदलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आवाज आता निराळा होता. "हे तुला सरांनी शिकवलं?"

आमच्याकडे ह्याचं उत्तर ठरलेलं असतं. हो म्हणायचं. बाहेरच्या माणसासमोर आपल्या सरांची पत राखायची, त्यात खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. त्यांच्या बोटावर कापूस होता, तोही माझ्यापायी. दोन वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, सलाईन आयसोटॉनिक, आणि आम्ही उतरून घेतलं होतं. मला त्यांची दया आली. फार आली. पण आता हो म्हटलं असतं, तर पेनाला टोपण मी कशाला लावलं होतं?

"ना, मॅडम," मी म्हटलं. "सरांनी दुसरंच शिकवलं होतं. हे मी बघितलं."

मी सरांकडे बघायचं टाळत होते, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलं नाही, नुसता आवाज आला. आणि तो बसलेला नव्हता.

"खरां सांगता ती," सर म्हणाले. "माका पण आजच कळलां."